विभाजित स्तंभालेखाचे कोष्टक : एका प्रश्नाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या जुन्या अहवालातील आलेखाचे चित्र हाती आहे, परंतु ज्या आकड्यांवरून तो आलेख रेखाटला गेला ते मूळ कोष्टक दफ्तरातून गहाळ झाले आहे, किंवा मुळात ते कधी प्रसिद्धच झाले नव्हते, अशी स्थिती सांख्यिकीच्या अभ्यासकाच्या वाट्याला वारंवार येते; आणि मग त्या चित्रावरूनच कोष्टक पुन्हा उभे करण्यावाचून त्याला गत्यंतर राहत नाही. आलेख साध्या स्तंभांचा असेल तर हे काम फारसे अवघड नाही, कारण तेथे एका पट्टीला एकच आकडा असतो आणि पट्टीखालचे नाव तो आकडा कोणाचा हे सांगून मोकळे होते. विभाजित स्तंभालेखात मात्र एकाच पट्टीचे चार-पाच रंगीत खंड पाडलेले असतात, प्रत्येक खंडावर त्याचे लेबल म्हणून एक आकडा लिहिलेला असतो, आणि त्या आकड्याला दोन पत्ते असतात: तो कोणत्या पट्टीतला, आणि कोणत्या घटकाचा. पहिला पत्ता आकड्याच्या जागेवरून कळतो. दुसरा कळण्यासाठी खंडाचा रंग, त्याचा क्रम आणि सूचीतील नाव या तिघांची साक्ष जुळवावी लागते. पट्टीमागे एक ओळ आणि घटकामागे एक रकाना अशा कोष्टकात हे आकडे बसवण्याच्या पद्धतींविषयी गेल्या काही वर्षांत जो विचार झाला, त्याचा आढावा घेण्याचा हा प्रयत्न आहे. या साऱ्या चर्चेत आकडा अचूक वाचण्याकडे जेवढे लक्ष दिले गेले, तेवढे तो योग्य रकान्यात बसवण्याकडे दिले गेले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि पुढील विवेचनात त्याची कारणे येतील.

पूर्वपीठिका

विल्यम प्लेफेअरने १७८६ साली आपल्या व्यापारविषयक ॲटलासमध्ये स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचा स्तंभालेख दिला, तेव्हापासून स्तंभांच्या लांबीने परिमाण दाखवण्याची रीत रूढ होत गेली. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत एका पट्टीचे भाग पाडून घटकांचे प्रमाण दाखवणेही सर्वपरिचित झाले. उलट दिशेचा प्रवास, म्हणजे चित्रावरून आकड्यांकडे येणे, दीर्घकाळ फूटपट्टी आणि भिंग यांच्या साहाय्याने हातानेच होत असे. संगणकाच्या पडद्यावर चित्र ठेवून अक्षावरील दोन ज्ञात बिंदू आणि मग हवे ते बिंदू टिचकीने दाखवायचे व त्यांची मूल्ये काढायची, हे काम एंगेज डिजिटायझर व वेबप्लॉटडिजिटायझर यांसारख्या साधनांनी सुलभ केले. माणसाने काही न दाखवता चित्रावरून आकडे काढण्याच्या प्रयत्नांत २०११ सालच्या ‘रिव्हिजन’ या संशोधनाचा उल्लेख आवश्यक आहे. आलेखाचा प्रकार ओळखून स्तंभालेख व वृत्तालेख यांतील मूल्ये मिळवणे हे त्याचे उद्दिष्ट होते. पुढे २०१९ साली आयसीडीएआर या दस्तऐवज-विश्लेषणाच्या परिषदेत जी स्पर्धा झाली, तिने या कामाचे टप्पे स्वतंत्रपणे मांडले: आलेखाचा प्रकार ठरवणे, मजकूर शोधून वाचणे, त्या मजकुराची भूमिका ठरवणे, अक्ष आणि सूची यांचा उलगडा करणे, आणि शेवटी मूल्ये काढणे. हे टप्पे वेगळे केल्यामुळे दोष नेमका कोठे शिरतो हे पाहणे शक्य झाले, हा त्या स्पर्धेचा मोठा लाभ होय.

एक उदाहरण

विवेचन हवेत राहू नये म्हणून एकच आलेख समोर ठेवू. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनासाठी आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने जे हाताने रंगवलेले तक्ते सिद्ध केले, आणि जे आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेले आहेत, त्यांत अटलांटा शहरातील १५० कृष्णवर्णीय कुटुंबांच्या उत्पन्नाचा व खर्चाचा एक शतमान स्तंभालेख आहे. उत्पन्नाच्या सात वर्गांसाठी सात आडव्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीत घरभाडे, अन्न, वस्त्र, प्रत्यक्ष कर आणि इतर खर्च व बचत असे पाच घटक, अशी त्याची रचना आहे. खंडांवर टक्केवारी लिहिलेली आहे. शंभर ते दोनशे डॉलर उत्पन्नाच्या पहिल्या वर्गात हे आकडे अनुक्रमे १९, ४३, २८, ९.९ आणि ०.१ असे आहेत. त्या वर्गाचे सरासरी उत्पन्न १३९.१० डॉलर असल्याने शेवटच्या खंडाचा अर्थ वर्षाकाठी सुमारे १४ सेंट एवढाच होतो, आणि दारिद्र्याचे इतके नेमके चित्र एका रेषेएवढ्या खंडात मावलेले पाहून मन थबकते. सर्वांत वरच्या दोन उत्पन्नवर्गांत मात्र घरभाड्याचा खंडच नाही. त्यांच्या पट्ट्या अन्नापासूनच सुरू होतात. प्रश्नाच्या बहुतेक अडचणी या एका तक्त्यात एकवटलेल्या आहेत.

वाचनाचा पक्ष

पहिला पक्ष असे म्हणतो की, आकडा जर खंडावर लिहिलेलाच आहे, तर तो वाचावा. मोजमापाच्या भानगडीत पडू नये. अक्षर-ओळखीचे साधन चित्रातील मजकूर तर देतेच, शिवाय प्रत्येक शब्दाची चौकटही देते, आणि या चौकटीवरच पुढची सारी इमारत उभी राहते. टेसरॅक्ट हे मुक्त साधन वापरायचे झाल्यास विखुरलेल्या मजकुरासाठी पुढील आज्ञा दिली जाते.

```
tesseract chart.png out --psm 11 tsv
```

हिच्या उत्तरात प्रत्येक शब्दाबरोबर `left`, `top`, `width`, `height` ही स्थाने आणि `conf` हा विश्वासाचा अंक मिळतो. ज्या शब्दांच्या चौकटींचे मध्य एकाच उंचीवर येतात ते एका पट्टीचे, या साध्या न्यायाने ओळी ठरतात. आणि डावीकडून उजवीकडे क्रम लावला की त्या ओळीतील आकड्यांची माळ तयार होते.

या पक्षाचे बळ असे की, कर्त्याने लिहिलेला आकडा जसाच्या तसा मिळतो. त्यात मोजमापाची तफावत शिरत नाही. उणिवा दोन प्रकारच्या आहेत. गडद खंडावर आकडा फिकट रंगात लिहावा लागतो, म्हणून तेवढा भाग उलट करून, म्हणजे काळ्याचे पांढरे करून, पुन्हा वाचावा लागतो, अन्यथा तो आकडा उत्तरातून निमूटपणे गळतो. दुसरी उणीव दशांशचिन्हाची: ९.९ चे ९९ होणे हा नित्याचा प्रमाद आहे. मात्र शतमान आलेखात यावर बेरजेचा पहारा बसवता येतो. पहिल्या ओळीत ९.९ ऐवजी ९९ वाचले गेले तर बेरीज १०० च्या जागी १८९.१ येते आणि चूक तत्काळ उघड होते. पण हाच पहारा अरुंद खंडापाशी ढिला पडतो, कारण आकड्यांच्या पूर्णांकीकरणासाठी आपण अर्ध्या-एका टक्क्याची सवलत दिलेली असते, आणि ०.१ हा खंड पूर्णपणे सुटला तरी येणारी ९९.९ ही बेरीज त्या सवलतीत बसते.

देवनागरी अंकांत छापलेल्या आलेखांसाठी याच साधनाची `mar` ही भाषा-फाइल वापरता येते. जुन्या झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत १ आणि ९ यांचा घोटाळा होतो, तो बेरजेनेच पकडावा लागतो. पुढच्या हिशेबात मात्र अडचण नाही, कारण पायथनचे `float` देवनागरी अंकही स्वीकारते.

मापनाचा पक्ष

दुसरा पक्ष लेबलांवर भिस्त ठेवत नाही. ज्यांवर आकडेच लिहिलेले नाहीत असे विभाजित स्तंभालेख विपुल आहेत, आणि त्यांच्यापुढे वाचनाचा पक्ष निरुत्तर होतो, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद. पट्टीच्या मधोमध एक आडवी रेघ कल्पून तिच्यावरील रंग जेथे जेथे बदलतो ती स्थाने शोधावीत, आणि दोन स्थानांतील अंतर पट्टीच्या एकूण लांबीशी ताडावे. विल्यम क्लीव्हलंड व रॉबर्ट मॅक्गिल यांनी १९८४ साली दाखवले होते की, समान पायरेषेवरील स्थान जोखण्यापेक्षा नुसती लांबी जोखताना मानवी दृष्टी अधिक चुकते, आणि विभाजित पट्टीचे आतले खंड या दुसऱ्या प्रकारात मोडतात. पिक्सेल मोजणाऱ्या यंत्राला ही अडचण नाही, असे या पक्षाचे म्हणणे आहे, आणि ते खरे आहे.

यंत्राची मर्यादा निराळी आहे. आपल्या उदाहरणातील पट्टी चित्रात १००० पिक्सेल लांब आली असे धरले तर एक पिक्सेल म्हणजे दशांश टक्का. म्हणजे पहिल्या पट्टीतील ०.१ हा खंड नेमका एका पिक्सेलचा होईल, आणि खंडांमधील शाईची रेघच जर तीन-चार पिक्सेल जाड असेल तर तो खंड मोजण्याची भाषाच निरर्थक ठरते. कागद किंचित तिरपा ठेवून प्रतिमा घेतली असेल, किंवा हाताने रंगवताना खंडाची कड डगमगली असेल, तर अर्धा-एक टक्का सहज इकडचा तिकडे होतो. शिवाय लेबलाची अक्षरेही रंगात बदल घडवतात. म्हणून मापनाची रेघ अक्षरांच्या वरून किंवा खालून नेणे, किंवा अनेक रेघांचा मध्यक घेणे आवश्यक असते.

अनुभवी मंडळी या दोन पक्षांत निवड करीत नाहीत. ती एकाने दुसऱ्याची उलटतपासणी घेतात. लेबल ३७ म्हणते आणि खंड ३७० पिक्सेलांच्या आसपास भरतो, तर वाचन ग्राह्य. लेबल ४५ म्हणते आणि खंड ४५ पिक्सेलांचा निघतो, तर दशांशचिन्ह गळाले आहे हे निश्चित. ज्या आलेखांची बेरीज शंभर होत नाही, तेथे तर या उलटतपासणीखेरीज दुसरा आधार नसतो. इथवर वाद जवळपास मिटलेला आहे.

आकडा कोणाचा?

खरी अडचण याच्यापुढची आहे. वाचन असो वा मापन, दोन्ही पक्ष आकडा किती एवढेच सांगतात. तो कोणत्या रकान्याचा याविषयी दोघेही मौन बाळगतात. पट्टीतील पहिला आकडा पहिल्या रकान्यात, दुसरा दुसऱ्यात, ही रीत इतकी स्वाभाविक वाटते की ती एक गृहीतक आहे याचेही भान राहत नाही. आपल्या तक्त्याच्या शेवटच्या तीन ओळी योग्य रीतीने लिहिल्या तर त्या अशा येतात.

```
class,rent,food,clothes,tax,other
500-750,13,31,17,5,34
750-1000,,37,19,8,36
1000+,,29,16,4.5,50.5
```

आता क्रमाने रकाने भरण्याची रीत वापरली तर सहाव्या ओळीत ३७ हे भाडे होते, १९ हे अन्न, ८ हे वस्त्र आणि ३६ हा कर. सातव्या ओळीतही तसेच. बेरीज काढून पाहिली तर ती दोन्ही ओळींत शंभरच भरते, कारण आकड्यांच्या जागा बदलल्याने बेरीज बदलत नाही. मोजमापाशी ताडून पाहिले तरी तक्रारीस जागा नाही. ३७ चा खंड ३७० पिक्सेलांचाच आहे. ज्या दोन पहाऱ्यांवर आपण विसंबलो होतो त्या दोघांच्याही डोळ्यांदेखत दोन ओळी पूर्णपणे चुकीच्या झाल्या आहेत.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. जर्मन सांख्यिक एर्न्स्ट एंगेल याने १८५७ साली असे प्रतिपादन केले की, उत्पन्न वाढते तसतसे अन्नावरील खर्चाचे प्रमाण घटत जाते. मूळ तक्त्यात अन्नाचा रकाना ४३, ४७, ४३, ३७, ३१, ३७, २९ असा आहे. म्हणजे उतार आहे, पण सहाव्या वर्गात तो मोडतो. घसरलेल्या कोष्टकात तोच रकाना ४३, ४७, ४३, ३७, ३१, १९, १६ असा येतो. दुसऱ्या वर्गापासून अखेरपर्यंत अखंड उतरत जाणारी ही माळ नियमाशी अधिक सुसंगत, आणि म्हणून खऱ्या आकड्यांपेक्षा अधिक विश्वसनीय दिसते! विषयाच्या जाणकाराने केवळ हा रकाना पाहिला तर त्याचे समाधानच होईल. कराचा रकाना पाहिला, जेथे चार ते दहाच्या दरम्यानचे आकडे एकाएकी ३६ व ५०.५ होतात, तर मात्र त्याला शंका येईल. परंतु तो कोणता रकाना पाहील हे आपल्या हाती नाही, आणि खरी उडी व खोटी उडी नुसत्या आकड्यांवरून ओळखता येत नाही. ‘आकडे संभाव्य दिसतात’ हा दाखला येथे चालत नाही, तो यासाठी.

मग साक्ष कोणाची काढायची? रंगाची. प्रत्येक खंडात अक्षरांपासून दूर असलेला लहानसा चौकोन घेऊन त्याचा मध्यक रंग काढावा, आणि तो तक्त्याच्या शिरोभागी असलेल्या घटकांच्या रंगांशी ताडावा. हाताने रंगवलेल्या कागदावर एकच रंग ठिकठिकाणी गडद-फिका होतो, आणि शतकभरात कागद पिवळा पडून सारेच रंग एका अंगाला झुकतात. म्हणून तंतोतंत समानता अपेक्षू नये, तर मानवी दृष्टीला जाणवणाऱ्या फरकाशी जवळीक असलेल्या ‘लॅब’ रंगावकाशात सर्वांत जवळचा घटक निवडावा. याला क्रमाच्या नियमाची जोड देता येते: खंड गळू शकतात, पण त्यांचा क्रम उलटत नाही. पाच घटकांपैकी चारच खंड दिसत असतील तर क्रम राखून ते बसवण्याच्या पाचच रीती संभवतात. पाचही तपासून ज्या रीतीत रंगांचे एकूण अंतर किमान येते ती स्वीकारावी. सहाव्या पट्टीत पहिल्या खंडाचा रंग अन्नाच्या रंगाशी जुळला की उरलेले तिघे आपोआप ठिकाणी बसतात. पहिली आणि दुसरी रीत यांच्या अंतरांत पुरेसा फरक नसेल, तर ती ओळ माणसाच्या तपासणीसाठी बाजूला काढावी.

जुना अहवाल कृष्णधवल सूक्ष्मपटावरूनच उपलब्ध असेल तर ही साक्ष दुबळी होते, कारण दोन भिन्न रंग करड्या छटेत एकरूप होऊ शकतात. तेथे खंडांतील रेघांचे किंवा ठिपक्यांचे नक्षीकाम, किंवा शेजारच्या पट्ट्यांतील समान खंडांच्या कडा जोडणाऱ्या रेषा असतील तर त्या, एवढाच आधार राहतो. तोही नसेल तर त्या ओळीचा निर्णय चित्रावरून होऊ शकत नाही, असे नोंदवणेच प्रामाणिक ठरेल.

शेवटच्या टप्प्यावर आणखी एक सापळा आहे. पट्टी, घटक आणि मूल्य अशा त्रिकुटांच्या लांब यादीवरून रुंद कोष्टक करताना पांडास या संचात दोन मार्ग आहेत.

```
long.pivot(index="class", columns="segment", values="value")
long.pivot_table(index="class", columns="segment", values="value")
```

एकाच पट्टीत एका घटकाला चुकून दोन आकडे चिकटले असतील तर पहिला मार्ग काम थांबवून तक्रार करतो. दुसरा त्या दोहोंची सरासरी काढून गप्प राहतो. या कामात पहिलाच वापरावा, कारण ती तक्रार म्हणजे रकान्यांच्या वाटणीत चूक झाल्याचे पहिले आणि बहुधा एकमेव चिन्ह असते.

एकदम कोष्टक देणारा पक्ष

अलीकडचा तिसरा पक्ष हे सारे टप्पेच गाळतो. चित्र द्यावे आणि शिकवलेल्या प्रतिमानाने थेट कोष्टकाचा मजकूर लिहून द्यावा, ही त्याची भूमिका. गूगलच्या संशोधकांनी २०२२ च्या अखेरीस मांडलेले ‘डीप्लॉट’ हे त्याचे ठळक उदाहरण असून, त्याच्या शिक्षणात मद्रासच्या आयआयटीत सिद्ध झालेल्या ‘प्लॉटक्यूए’ या आलेखसंग्रहाचाही उपयोग केला गेला. या पद्धतीला रंग, सूची, लेबल यांचे नियम हाताने लिहून द्यावे लागत नाहीत, आणि नव्या धाटणीच्या आलेखांपुढे ती नियमांच्या यंत्रणेइतकी अडखळत नाही, हे तिचे गुण मान्य केले पाहिजेत. आक्षेप असा की, तिने लिहिलेला आकडा चित्राच्या कोणत्या जागेवरून आला हे कोष्टकात कोठेच नोंदलेले नसते. त्यामुळे आकडा वाचला, मोजला, की शेजारच्या आकड्यांवरून अंदाजाने भरला, हे तपासणाऱ्याला कळत नाही. ड्यू बॉइस यांच्या तक्त्याबाबत पाहिल्याप्रमाणे संभाव्य दिसणारा आकडाच जेथे धोक्याचा, तेथे हा आक्षेप लेखकाला वजनदार वाटतो.

याच पक्षाच्या वाढीबरोबर मूल्यमापनाचा प्रश्नही पुढे आला. आधी वापरल्या जाणाऱ्या एका मापात केवळ दोन कोष्टकांतील आकड्यांचे समूह ताडले जात. त्या मापाने आपल्या घसरलेल्या कोष्टकाला पूर्ण गुण मिळतात, कारण आकडे सगळे तेच आहेत. डीप्लॉटच्या कर्त्यांनी सुचवलेल्या नव्या मापात ओळीचे नाव, रकान्याचे नाव आणि मूल्य अशी त्रिकुटे जुळवली जातात, ओळी-रकान्यांचा क्रम बदलला तरी दंड होत नाही, आणि रकाना चुकला तर मात्र होतो. ही सुधारणा निःसंशय योग्य दिशेची आहे. तरीही आपल्या कोष्टकात भरलेल्या ३३ घरांपैकी २५ बरोबरच राहत असल्याने गुणांक चांगल्यापैकीच दिसेल, आणि ज्या दोन ओळींवर सारा निष्कर्ष अवलंबून आहे त्याच चुकल्या आहेत हे त्या एका अंकात दिसणार नाही.

अनिर्णित बाबी

रिकाम्या घराचा अर्थ काय, हा प्रश्न अद्याप कोणी समाधानकारक सोडवलेला नाही. वरच्या दोन वर्गांत घरभाड्याचा खंड नाही, म्हणून तेथे शून्य लिहावे की घर रिकामे ठेवावे? शून्य लिहिले तर सात वर्गांची साधी सरासरी १९, २२, २३, १८ आणि १३ यांच्या बेरजेला, म्हणजे ९५ ला, सातने भागून सुमारे १३.६ येते, रिकामे ठेवले तर पाचने भागून १९ येते. पट्टीची बेरीज भाड्यावाचूनच शंभर होत असल्यामुळे येथे शून्याच्या बाजूने पुरावा आहे, असे म्हणता येईल. परंतु कर्त्याने शून्य लिहिलेले नाही, आणि भाडे नव्हते, की ते दुसऱ्या घटकात मिळवले गेले, हे पट्टीवरून ठरत नाही. जेथे बेरीज शंभर होत नाही अशा आलेखात तर खंड मुळातच नव्हता, की इतका बारीक होता की प्रतिमेत उतरला नाही, एवढेही सांगता येत नाही.

दुसरी बाब अरुंद खंडांच्या लेबलांची. आकडा खंडात मावत नाही तेव्हा तो बाहेर, वर किंवा बारीक रेघेच्या टोकाशी लिहिला जातो, आणि मग लेबलाखालचा रंग पार्श्वभूमीचा किंवा शेजाऱ्याचा असतो. अशी लेबले खंडांशी जोडण्याचे नियम प्रत्येक आलेखकर्त्याच्या सवयीनुसार बदलतात. सर्वांना लागू पडेल असा नियम हाती आलेला नाही. तोपर्यंत काही अभ्यासकांनी स्वीकारलेली एक रीत उपयोगी दिसते: मूळ त्रिकुटांच्या यादीत मूल्याशेजारी आणखी एक रकाना ठेवून त्यात ‘वाचलेले’, ‘मोजलेले’, ‘बेरजेवरून काढलेले’ किंवा ‘खंड नाही’ यांपैकी एक नोंद करायची, आणि लेबलाच्या चौकटीची स्थानेही त्याच ओळीत जपायची, म्हणजे रुंद कोष्टकातील कोणत्याही घराविषयी शंका आली की चित्रातील त्या नेमक्या जागेवर परत जाता येते.